मार्गदर्शक की दलाल?

वेरुळला पर्यटकांची गर्दी ऑक्टोबर ते मार्च. उन्हाळ्यात कातळ तापतो आणि मार्गदर्शकाची मिळकत आटते. सहा महिन्यांत वर्षाची बेगमी करायची, म्हणून पैठणी-हिमरूच्या दुकानांतील दलालीचा मोह पडतो. त्याची खूण सोपी आहे : कैलास लेणे अर्ध्या तासात आटोपते, दुकानात मात्र तास जातो. ही दलाली अखेर वस्तूच्या किमतीत चढते आणि फसलेला पर्यटक पुन्हा फिरकत नाही. याउलट राष्ट्रकूटांनी अखंड कातळ माथ्यापासून खाली कसा कोरत नेला, हे परक्या पाहुण्याला त्याच्या भाषेत उलगडून सांगणाऱ्याला सहल कंपन्या पुन्हा बोलावतात. म्हणून तरुणांनी रिकामे महिने भाषा व मूर्तिशास्त्राच्या अध्ययनास द्यावेत. पूर्वजांचा वारसा सांगणाऱ्याने दुकानदाराचे मिंधे होऊ नये.