द्राक्षं, बेदाणे आणि चिंच

सत्यनारायणाचा प्रसाद वाटताना घरातल्या कुत्र्यालाही चमचाभर शिरा देणारी बरीच घरं माझ्या माहितीत आहेत. त्यांना माझी कळकळीची विनंती आहे, बेदाणे घातलेला शिरा त्याला देऊ नका.

द्राक्षांनी कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होतात, हे पशुवैद्यांना पूर्वीपासून माहीत होतं. कोडं होतं ते कारणाचं. एखादा कुत्रा घोसभर द्राक्षं खाऊनही ठणठणीत राहतो, तर दुसरा मूठभर बेदाण्यांनी दगावतो. फवारणीच्या औषधांवर, बुरशीवरही संशय घेऊन झाला.

धागा सापडला तो भलतीकडेच. अमेरिकेतल्या ‘एएसपीसीए’च्या प्राणी-विषबाधा केंद्राकडे एका कुत्र्याचं प्रकरण आलं. त्याने मुलांसाठी घरी मळलेला खेळण्याचा गोळा खाल्ला होता. उलट्या, मग मूत्रपिंडं बंद. सारं द्राक्षं खाल्ल्यासारखंच. त्या गोळ्यात क्रीम ऑफ टार्टर होतं, म्हणजे टार्टारिक आम्लाचा क्षार. हे आम्ल द्राक्षांत भरपूर असतं. २०२१ साली तिथल्या तज्ज्ञांनी हा संबंध जाहीरपणे मांडला. द्राक्षाची जात आणि पिकण्याची अवस्था यांनुसार आम्लाचं प्रमाण बदलतं, म्हणून ‘इतकी चालतील’ असा आकडा कुणालाच देता येत नाही. बेदाणे तर सुकवलेले, त्यामुळे त्यांत ते आणखी एकवटलेलं.

आपल्याला का बाधत नाही? आपल्या मूत्रपिंडाच्या पेशींत अशी आम्लं बाहेर काढणारं एक वाहक प्रथिन असतं. कुत्र्यात ती सोय नसावी, आम्ल पेशींत साठत जाऊन त्या मरतात, असं आजचं स्पष्टीकरण आहे.

आता चिंचेकडे वळू. टार्टारिक आम्लात ती द्राक्षांच्या कितीतरी पुढे आहे, आणि चिंच खाऊन कुत्र्यांना असाच त्रास झाल्याची उदाहरणंही नोंदली गेली आहेत. चिंचगुळाची आमटी कालवलेला उरलेला भात, भेळेची चटणी, हे आपल्याकडचे खरे धोके.

कुत्र्यांना चॉकलेटही बाधतं, पण ते दुखणं निराळं. त्यातलं थिओब्रोमिन आपलं यकृत त्यामानाने लवकर निकालात काढतं. कुत्र्याच्या अंगातून त्यातलं निम्मं जायलाच सतरा-अठरा तास लागतात. तोवर हृदय धडधडत राहतं, प्रमाण जास्त असेल तर झटके येतात. दहा किलोच्या कुत्र्याने शंभर ग्रॅम डार्क चॉकलेट खाल्लं, तर जिवावर बेतू शकतं.

द्राक्षांचा दगा वेगळा आहे. सहसा पहिल्या दिवशीच उलट्या होतात, मग कुत्रा जरा सावरल्यासारखा वाटतो आणि घरचे निर्धास्त होतात. मूत्रपिंडाचा बिघाड एक ते तीन दिवसांत उघड होतो. लघवी कमी होते, कधी थांबते. म्हणून लक्षणांची वाट न पाहता, खाल्ल्याचं कळताच दवाखाना गाठायचा. काय, किती आणि केव्हा खाल्लं ते सांगायचं, पाकीट असेल तर सोबत न्यायचं. पहिल्या एक-दोन तासांत डॉक्टर उलटी करवू शकतात, मग सलाइन लावून रक्तातलं क्रिएटिनिन तपासत राहतात. घरी मिठाचं पाणी मात्र पाजू नका; त्याने रक्तातलं सोडियम वाढून कुत्रा दगावू शकतो.