"काय दिसतंय हे!" आणि त्याखालचं प्रामाणिक उत्तर

२ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. पावणेआठच्या सुमारास चंद्रपूर, गडचिरोलीसह विदर्भातल्या आकाशात जळत्या ठिपक्यांची रांग सरकत गेली. लोकांनी मोबाइल काढले, व्हिडिओ ग्रुपवर पडले. खाली लगेच उत्तरं आली: उल्कावर्षाव, क्षेपणास्त्र, विमान पडलं. आश्चर्य खरं होतं, पण खात्री कुठून आली?

त्या व्हिडिओत खरंच काय दिसत होतं ते बघू. उल्का साधारणपणे सेकंदा-दोन सेकंदांत संपते, कारण ती सेकंदाला ११ ते ७२ किलोमीटर वेगाने येते. कक्षेतून खाली येणारा रॉकेटचा तुकडा मात्र आठ किलोमीटरपेक्षा कमी वेगाने आणि जवळजवळ आडवा येतो. म्हणून तो बराच वेळ सरकताना दिसतो, फुटतो आणि त्याचे तुकडे एकाच रेषेत मागोमाग जातात. इथे नेमकं तसंच दिसत होतं. म्हणजे "उल्केपेक्षा अवकाशातला कचरा जास्त शक्य" इतकं व्हिडिओवरून म्हणता येतं.

पण कोणत्या रॉकेटचा? ते व्हिडिओत नसतं. त्याच संध्याकाळी न्यूझीलंडहून इलेक्ट्रॉन रॉकेट सुटलं होतं, म्हणून काहींनी त्याचं नाव जोडलं. खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी मात्र कक्षेची माहिती जुळवली. फेब्रुवारी २०२१ मध्ये सुटलेल्या चिनी लाँग मार्च ३बी रॉकेटचा तिसरा टप्पा त्याच सुमारास खाली येणार होता आणि त्याचा मार्गही जुळत होता. तरी त्यांनी हे "माझ्या मते" अशाच भाषेत मांडलं. सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीत सुमारे तीन मीटर व्यासाची धातूची रिंग पडली होती. त्या टप्प्याचा व्यासही तीन मीटरच आहे. अंदाज बळकट झाला तो असा, एकेक पुरावा जोडून.

एका मोबाइलच्या व्हिडिओवरून उंची किंवा आकारही कळत नाही. जवळची लहान वस्तू आणि दूरची मोठी वस्तू स्क्रीनवर सारखीच दिसते. दोन वेगळ्या गावांतून एकाच वेळी घेतलेले व्हिडिओ असतील, तर दिशांमधल्या फरकावरून उंची काढता येते. त्यासाठी वेळ आणि ठिकाण अचूक हवं. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो लहान होतो आणि त्यातली वेळ-ठिकाणाची माहिती निघून जाते. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर मूळ फाइल तशीच पोहोचते.

म्हणून पुढच्या वेळी मित्राने असं काही टाकलं, तर एवढं लिहिलं तरी पुरे: "बाप रे, भारीच दिसतंय! हळू सरकतंय आणि तुकडे मागोमाग आहेत, म्हणजे उल्का नसावी. नक्की काय ते यावरून नाही सांगता येणार. कुठून, किती वाजता, कुठल्या दिशेला दिसलं?"