उसाचं बिल एकदाच येतं, घर मात्र पंधरा महिने चालवायचं असतं

नोव्हेंबर २०२५ मध्ये गुर्लापूर क्रॉसवर ऊस उत्पादक रस्त्यावर बसले, तेव्हा मागणी टनाला साडेतीन हजारांची होती आणि सरकारने ३,३०० जाहीर केले. दरावर भरपूर बोलून झालं. बिल खात्यात पडल्यावर त्याचं काय करायचं, यावर मात्र फारसं कुणी बोलत नाही.

समजा, चिकोडी भागातल्या एका शेतकऱ्याचा दोन एकरांत ८० टन ऊस गेला. ३,३०० च्या हिशेबाने २ लाख ६४ हजार झाले. त्यातून सोसायटीचं ९० हजारांचं पीककर्ज मुदतीच्या आत भरायचं, कारण तारीख चुकली की व्याजाची सवलत जाते. उरले १ लाख ७४ हजार.

घरखर्च महिना दहा हजार आणि दुधाचे चार हजार येतात, म्हणजे तूट सहा हजारांची. ही तूट बारा महिन्यांची धरली की गणित फसतं. तोडणीची पाळी लांबते. ऊस दिल्यापासून १४ दिवसांत बिल द्यायचा नियम आहे, पण तो किती पाळला जातो हे आपल्याला ठाऊक आहे. म्हणून पंधरा महिने धरा, म्हणजे ९० हजार. यातले १८ हजार बचत खात्यात राहू द्या. उरलेल्याच्या १८-१८ हजारांच्या चार ठेवी तीन, सहा, नऊ आणि बारा महिन्यांच्या करा. मागची रक्कम संपत आली की पुढची ठेव मोकळी होते.

आणखी ४० हजार वेगळ्या ठेवीत ठेवा, दवाखान्यासाठी किंवा मोटर जळाली तर. मुदतीआधी मोडली तर थोडं व्याज जाईल, एवढंच.

आता ठेवायचं कुठे? आपल्याकडे गल्लोगल्ली सौहार्द आणि पतसंस्था आहेत, एक-दोन टक्के जादा व्याज देतात. पण बँक बुडाली तर पाच लाखांपर्यंत जे विम्याचं संरक्षण मिळतं, ते यांच्या ठेवींना नाही. सहकारी बँकेला आहे, पतसंस्थेला नाही. पाटीवरचं नाव नीट वाचा. दीड टक्का जादा म्हणजे ९० हजारांवर वर्षाला साडेतेराशे रुपये, आणि त्यासाठी पणाला लागतं घरचं धान्य-किराणा.

खरी गुंतवणूक उरलेल्या ४४ हजारांचीच. एजंट दरमहाची एसआयपी गळ्यात मारतो, पण जुलै-ऑगस्टमध्ये खातं रिकामं असलं की हप्ता बाउन्स होतो आणि बँक वर दंड घेते. त्यापेक्षा रक्कम एकदाच लिक्विड फंडात टाकून तिथून दरमहा साडेतीन हजार इंडेक्स फंडात वळवायची सोय असते, तिला एसटीपी म्हणतात. खात्याला हात लागत नाही. पण शेअर बाजार पडला की ही रक्कम कमी दिसेल, त्यामुळे निदान सात वर्षं लागणार नाहीत तेवढेच पैसे इथे. मुलीचं लग्न तीन वर्षांवर असेल तर हे ४४ हजारही बँकेच्या ठेवीतच बरे.