घरचा अभ्यास : एकच निरोप दोनदा

गेल्या अंकात मी लिहिलं होतं की आईच्या गोळीची आठवण आता आमच्या डरहॅमच्या घरातलं एक छोटं यंत्र करून देतं. त्यावर बऱ्याच जणींनी ते कसं लावायचं असं विचारलं. सांगते, पण आधी ते कसं फसलं ते सांगायला हवं.

आई साताऱ्याला एकटी असते. तिला रक्त पातळ करणारी गोळी आहे, संध्याकाळी सातला. एक दिवस अर्धी, एक दिवस पूर्ण, आणि रक्ततपासणीचा आकडा बदलला की हा क्रमही बदलतो. मोबाईलच्या गजराला हे कळत नाही. म्हणून रास्पबेरी पाय नावाचा पत्त्यांच्या जोडाएवढा संगणक रोज तिला निरोप धाडतो, ‘आज अर्धी’ किंवा ‘आज पूर्ण’. ती गोळी घेऊन ‘घेतली’ असं लिहिते. अर्ध्या तासात उत्तर आलं नाही तर पुण्याला दादाला निरोप जातो. क्रम बदलला की मी इथून एक ओळ बदलते, झालं.

मागच्या डिसेंबरात एका दुपारी एक वाजून एकतीस मिनिटांनी आमच्या गल्लीतली वीज गेली. तिथले सात इथल्या हिवाळ्यातले दीड, म्हणजे निरोप जाऊन मिनिटभर झालं होतं. वीज दोन वाजून गेल्यावर आली, राऊटर जागा झाला, आणि दोन बाराला यंत्राने तोच निरोप पुन्हा पाठवला. तिथे पावणेआठ होत आले होते. आईने सातलाच अर्धी गोळी घेतलेली. तिला वाटलं, मघाशी काही चुकलं असेल म्हणून पोरीने परत कळवलंय. तिने आणखी अर्धी घेतली.

दादाने लगेच डॉक्टरांना फोन केला. त्यांनी कुठून रक्त येत नाही ना यावर लक्ष ठेवायला आणि सकाळी तपासणी करायला सांगितलं. आकडा ठीक आला. मला मात्र रात्रभर झोप नव्हती, कारण हा प्रकार व्हायलाच नको होता. चुकलेलं काम वीज आल्यावर उरकून टाकायची सोय अशा यंत्रात असते. घरातल्या फोटोंची प्रत काढण्यासारख्या कामाला ती छान. गोळीच्या कामासाठी मी ती मुद्दाम बंद ठेवली होती. मग निरोप गेला कसा?

दुसऱ्या दिवशी नोंदी वाचत बसले. वीज आल्यानंतरच्या पहिल्या ओळीवर वेळ होती १.१७. शाळेत असताना मुलांच्या वहीत आधी तारीख बघायची सवय होती, तीच कामाला आली. आमच्या यंत्रात बॅटरीवर चालणारं घड्याळच नाही. ते दर तासाला सतराव्या मिनिटाला वेळ लिहून ठेवतं, आणि जागं झालं की इंटरनेटवरून खरी वेळ मिळेपर्यंत त्या लिहिलेल्या वेळेपासून पुढे मोजतं. त्यामुळे त्याच्या मते १.१७ वाजले होते आणि दीडचा निरोप अजून जायचा होता. इंटरनेट आलं, घड्याळाने १.१७ वरून २.१२ ला उडी मारली, वाटेत दीड ओलांडला गेला आणि निरोप सुटला.

म्हणून पहिली दुरुस्ती अशी, की खरी वेळ कळल्याशिवाय कुठलंही वेळापत्रक सुरूच करायचं नाही. आमच्या यंत्रात त्यासाठी एकच आज्ञा पुरली:

```
sudo systemctl enable systemd-time-wait-sync.service
```

आणि वेळापत्रकात वेळ भारताचीच लिहिली, म्हणजे ऑक्टोबर-मार्चमध्ये इथली घड्याळं मागेपुढे झाली तरी आईचे सात सातच राहतात:

```
OnCalendar=*-*-* 19:00:00 Asia/Kolkata
Persistent=false
```

त्यातली दुसरी ओळ म्हणजे ‘चुकलेलं उरकू नकोस’.

दुसरी दुरुस्ती यापेक्षा महत्त्वाची. वीज नेमकी निरोप पाठवतानाच गेली तर? निरोप पोचलाय, पण पोच यायच्या आत यंत्र मेलं, असंही होतं. मी आधी निरोप गेल्यावर नोंद करत होते, म्हणजे अशा वेळी नोंदच राहत नव्हती. आता यंत्र आधी त्या दिवसाच्या तारखेने ‘पाठवतोय’ असं कार्डावर पक्कं लिहितं, मग निरोप धाडतं, मग ‘पाठवला’ लिहितं. जागं झाल्यावर नुसतंच ‘पाठवतोय’ दिसलं, तर निरोप गेला की नाही हे यंत्राला कळायचा काही मार्ग नाही. तेव्हा ते आईला काहीही पाठवत नाही. मला आणि दादाला कळवतं, ‘आईला फोन करून विचारा’. एखादा निरोप न जाणं परवडतं, तो माणूस भरून काढू शकतो. दोनदा गेलेला परत घेता येत नाही.

आता जोडणीचं. फायबर घेतलेल्या घरात वीज गेली की भिंतीवरची फायबरची पेटी आणि राऊटर दोन्ही बंद पडतात. या दोन्ही आणि यंत्र मिळून आमच्याकडे साधारण २० वॅट लागतात. यूपीएसची बॅटरी १२ व्होल्ट, ७ अँपियर-तासांची, म्हणजे कागदावर ८४ वॅट-तास, चार तास पुरावी अशी. प्रत्यक्षात अडीच तास चालली, बाकीचं यूपीएस स्वतःच खातो. राऊटरला ४जी सिमची जोड दिली, आणि सिम मुद्दाम आमच्या मोबाईलहून वेगळ्या नेटवर्कचं घेतलं. चाचणीला यूपीएसचा प्लग काढला, तर सगळं छान चाललं. मग फायबर चालू ठेवून पलीकडचं इंटरनेटच गेल्याचं सोंग केलं, तर राऊटर ४जीवर गेलाच नाही! तार जोडलेली दिसते ना, मग सगळं ठीक, असं तो समजत होता. सेटिंगमध्ये बाहेरच्या पत्त्याला हाक मारून बघायची सोय होती, ती चालू केली. तुमच्याकडे ही जोड असेल तर नुसती वीज बंद करून बघू नका, असंही बघा.

या सगळ्याला मर्यादा आहे. २६ नोव्हेंबर २०२१ ला आर्वेन वादळ आलं तेव्हा देशभरात सुमारे दहा लाख घरांची वीज गेली, आणि काही हजार घरांत ती आठवड्याहून जास्त काळ नव्हती. आमच्या काउंटीतल्या डोंगरी खेड्यांनी ते चांगलंच भोगलं. तेवढ्या काळात मोबाईलचे मनोरेही गप्प होतात, अडीच तासांची बॅटरी काय पुरणार! (आणि ज्यांचे आईवडील इथेच, डिजिटल झालेल्या लँडलाईनवर आहेत, त्यांनी लक्षात ठेवावं: वीज गेली की तो फोनही जातो. मोबाईल चार्ज ठेवा, आणि वीज गेल्याचं कळवायला १०५.)

म्हणून शेवटचा भाग साताऱ्यात आणि पुण्यात आहे. आईच्या ओट्याजवळ महिन्याचा कागद चिकटवलाय, अर्धी-पूर्ण लिहिलेला. क्रम बदलला की दादा नवा लावून येतो. घेतली की ती खूण करते. साडेसातपर्यंत दादाला यंत्राकडून काहीच आलं नाही, ‘घेतली’ही नाही आणि ‘विचारा’ही नाही, तर इकडे काहीतरी बंद आहे असं धरून तो आईला फोन करतो आणि खूण विचारतो. निरोपावर आता वारही असतो, आणि दुसरा आलाच तर गोळी न घेता दादाला विचारायचं, हे ठरलंय.

गेल्या रविवारी दोन वाजून एकतीस मिनिटांनी, उन्हाळी वेळेने आईचे सात होऊन मिनिट झाल्यावर, मी यंत्राचीच वायर ओढली. चाळीस मिनिटांनी जोडली. आईला काही गेलं नाही. दादाचा फोन मात्र आधीच आला होता, ‘काय गं, डरहॅम झोपलं का?’