विश्लेषण: पती-पत्नी दोघेही थॅलेसेमिया वाहक असतील तर पोटातल्या बाळाची तपासणी कधी आणि कशी होते? पुढे कोणते पर्याय उरतात?

थॅलेसेमिया मेजर असलेलं बाळ जन्माच्या वेळी अगदी निरोगी दिसतं. वजन नीट, रडणं नीट, सोनोग्राफीचे सगळे अहवाल 'नॉर्मल'. आजार कळतो तो सहा महिन्यांनंतर, बाळ पांढरं पडू लागतं तेव्हा. कारण गर्भात आणि जन्मानंतर काही महिने बाळाचं काम वेगळ्या प्रकारच्या हिमोग्लोबिनवर चालतं. मोठ्यांचं हिमोग्लोबिन तयार करायची वेळ आली की दोष उघड होतो. म्हणूनच नेहमीची सोनोग्राफी, डबल मार्कर किंवा अॅनॉमली स्कॅन यांतून हा आजार सापडत नाही. त्यासाठी वेगळी तपासणी लागते आणि तिचं वेळापत्रक फार घट्ट आहे.

आई आणि वडील दोघेही बीटा थॅलेसेमियाचे वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला मेजर आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. बाळ आई-वडिलांसारखंच केवळ वाहक असण्याची शक्यता ५० टक्के आणि दोषमुक्त असण्याची २५ टक्के. 'एक मूल आजारी झालं, आता पुढची तीन ठीक' असा हिशेब अनेक घरांत केला जातो. तो चुकीचा आहे. प्रत्येक वेळी फासा नव्याने पडतो.

वाहक असणं हा मात्र आजार नाही. वाहकाला रक्त चढवावं लागत नाही, शेतातली कामं, नोकरी, बाळंतपण सगळं होतं. फक्त हिमोग्लोबिन थोडं कमी असतं आणि नेमका तिथेच घोळ सुरू होतो.

लोणारमध्ये वेळ कुठे जातो?

समजा, लोणार तालुक्यातल्या एका गावातली महिला दहाव्या आठवड्यात नाव नोंदवायला गेली. (आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात.) रक्ताच्या साध्या तपासणीत हिमोग्लोबिन १०.४ आलं. 'रक्त कमी आहे' म्हणून लोहाच्या गोळ्या दिल्या आणि महिन्याने बोलावलं. यात कुणी काही वावगं केलं असं वाटत नाही, कारण आपल्याकडे गरोदरपणात रक्त कमी असणं नेहमीचंच.

पण त्याच कागदावर आणखी दोन आकडे छापलेले असतात. तांबड्या पेशींचा आकार, म्हणजे एमसीव्ही, ६३ आहे. तो ८० च्या वर असायला हवा. आणि पेशींची संख्या ५३ लाख आहे, म्हणजे चांगली भरपूर. लोह कमी असेल तर पेशी लहान होतात आणि सहसा त्यांची संख्याही घटते. थॅलेसेमियाच्या वाहकात पेशी लहान, पण संख्येने भरपूर असतात. एमसीव्हीला दशलक्षांतल्या संख्येने भागलं आणि उत्तर १३ पेक्षा कमी आलं, तर संशय घ्यावा असा एक जुना ढोबळ नियम आहे. इथे ६३ भागिले ५.३ म्हणजे जवळपास १२. हा पुरावा नव्हे, पण एचपीएलसी नावाची पुढची तपासणी त्याच दिवशी पाठवायला हे कारण पुरेसं आहे. एचपीएलसीमध्ये हिमोग्लोबिन ए२ चं प्रमाण साधारण ३.५ ते ४ टक्क्यांच्या वर गेलं, तर ती व्यक्ती वाहक मानली जाते. लोहाची कमतरता खूप असेल तर हा आकडा थोडा खाली येऊ शकतो. त्यामुळे काठावरचा अहवाल आला तर 'नाही' म्हणून सोडून देता येत नाही.

आपल्या उदाहरणात महिनाभर गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन वाढलं नाही. चौदाव्या आठवड्यात एचपीएलसी पाठवली, पंधराव्यात अहवाल आला: वाहक. मग पतीची तपासणी झाली. सोळाव्या आठवड्यात कळलं की तोही वाहक आहे. आता दोघांच्या जनुकातला नेमका बदल शोधायला डीएनए तपासणी लागते आणि त्यात आणखी दोन आठवडे जाऊ शकतात. बाळाची तपासणी अठराव्या-एकोणिसाव्या आठवड्यात झाली, तर निकाल हातात येईपर्यंत विसावा आठवडा उलटलेला असतो. हेच रक्त आठव्या आठवड्यात, दोघांचं एकाच दिवशी घेतलं असतं, तर सगळं उत्तर तेराव्या आठवड्याच्या आसपास मिळालं असतं.

विदर्भात आणखी एक गैरसमज आडवा येतो. सिकलसेलच्या मोहिमांमुळे अनेकांकडे 'सिकलसेल निगेटिव्ह' असा निकाल असतो. पण शिबिरात होणारी साधी सोल्युबिलिटी चाचणी फक्त सिकल हिमोग्लोबिन ओळखते. थॅलेसेमियाचा वाहक तिच्यात निगेटिव्हच येतो. शिवाय एक जण थॅलेसेमियाचा आणि दुसरा सिकलसेलचा वाहक असेल, तरी बाळाला गंभीर आजार होऊ शकतो. म्हणून पतीचीही एचपीएलसीच हवी.

बाळाची तपासणी नेमकी कशी करतात?

आधी एक गोष्ट स्पष्ट असावी. बाळाच्या डीएनएमध्ये काय शोधायचं हे माहीत असेल, तरच शोध लवकर लागतो. बीटा ग्लोबिन जनुकात आजार घडवणारे शेकडो बदल आहेत. भारतात त्यातले मोजकेच वारंवार दिसतात, तरीही आई-वडिलांचा बदल आधी ओळखणं ही पहिली पायरी आहे.

अकरा ते चौदा आठवड्यांदरम्यान सीव्हीएस, म्हणजे कोरिऑनिक व्हिलस सॅम्पलिंग करता येतं. सोनोग्राफीच्या पडद्यावर पाहत, पोटातून बारीक सुई घालून तयार होत असलेल्या वारेतला काही मिलिग्रॅम भाग ओढून घेतात. वार आणि बाळ एकाच फलित पेशीपासून बनतात, त्यामुळे वारेचा डीएनए हाच बाळाचा डीएनए समजता येतो. सुई बाळाला लागत नाही. काही मिनिटांचं काम असतं आणि बहुतेक जणी त्याच दिवशी घरी जातात. या तपासणीमुळे गर्भपात होण्याचा जादा धोका अनुभवी हातांत साधारण शंभरात एक किंवा त्याहून कमी असतो.

ही वेळ हुकली तर पंधराव्या आठवड्यानंतर गर्भजल काढून तपासतात. त्याहून उशीर झाला, किंवा आई-वडिलांचा बदल सापडलाच नाही, तर अठराव्या आठवड्यानंतर नाळेतून बाळाचं रक्त घेता येतं. मुंबईत परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात आयसीएमआरची राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था आहे. देशात ही तपासणी रुजवणाऱ्या केंद्रांपैकी ती एक. तिथेही सुरुवातीच्या काळात बाळाच्या रक्तावरच भर होता, डीएनए तंत्र आल्यावर तपासणी पहिल्या तिमाहीत आली.

चूक होते ती बहुतेक वेळा एका कारणाने: नमुन्यात आईच्या पेशी मिसळतात. आई वाहक असल्याने अहवालही चुकून 'वाहक' येऊ शकतो. चांगली प्रयोगशाळा आईचं रक्त सोबत घेऊन ही भेसळ तपासते आणि तसं अहवालात लिहिते. ती ओळ आहे का, हे विचारायला हरकत नाही. आईचा रक्तगट निगेटिव्ह असेल, तर सुईनंतर अँटी-डी इंजेक्शन लागू शकतं, तेही आधी सांगावं.

लोणारहून परळ साडेचारशे किलोमीटरहून दूर आहे. मेहकरजवळ समृद्धी महामार्ग गाठता येत असल्याने प्रवास सोपा झाला, पण मुक्काम, बुडालेली मजुरी आणि सोबतचं माणूस हा खर्च उरतोच. या संस्थेचं चंद्रपूरमध्ये हिमोग्लोबिनच्या आजारांसाठीचं केंद्रही आहे. समृद्धीचा नागपूर-शिर्डी टप्पा खुला झाला त्याच दिवशी, ११ डिसेंबर २०२२ रोजी, त्याचं लोकार्पण झालं. कुठेही निघण्याआधी फोन करून दोन प्रश्न विचारावेत: नमुना तिथेच घेतात का, आणि आई-वडिलांच्या डीएनएसाठी रक्त आधीच पाठवता येईल का. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'हो' असेल, तर एक फेरी आणि दोन आठवडे वाचतात.

ही तपासणी कायदेशीर आहे का?

हो. 'पोटातल्या बाळाची तपासणी' म्हटलं की महाराष्ट्रात लोकांना गर्भलिंग निदान आठवतं आणि कुटुंबं घाबरतात. पण १९९४ च्या ज्या कायद्याने लिंगनिदानाला बंदी केली, त्याच कायद्याने हिमोग्लोबिनच्या आजारांसाठीची गर्भतपासणी स्पष्टपणे मान्य केली आहे. ती नोंदणीकृत केंद्रात, महिलेला समजणाऱ्या भाषेतल्या लेखी संमतीने व्हावी लागते. मुलगा की मुलगी हे मात्र सांगितलं जात नाही.

अहवालात 'मेजर' आलं तर?

बाळ दोषमुक्त किंवा वाहक निघालं, तर गरोदरपण नेहमीसारखं पुढे जातं. मेजर निघालं, तर निर्णय जोडप्याचा, आणि कायद्याच्या भाषेत महिलेचा असतो. सज्ञान महिलेच्या गर्भपातासाठी फक्त तिचीच संमती लागते. पतीची किंवा सासरच्यांची सही कायद्याने आवश्यक नाही.

२०२१ च्या सुधारणेनंतर वीस आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरचं मत पुरतं. वीस ते चोवीस आठवड्यांत दोन डॉक्टरांचं मत लागतं आणि बाळाला गंभीर व्यंगाचा मोठा धोका असणं हे त्यासाठीच्या मान्य कारणांपैकी एक आहे. चोवीसनंतर वैद्यकीय मंडळाकडे जावं लागतं. कागदावर चोवीस आठवडे मोठी मुदत वाटते. शरीरासाठी तेरावा आणि एकविसावा आठवडा यांत फार फरक आहे. उशिराचा गर्भपात रुग्णालयात दाखल होऊन, कळा आणणारी औषधं देऊन करतात. तो बाळंतपणासारखाच असतो, आणि तोवर बाळाची हालचाल जाणवू लागलेली असते.

काही जोडपी गर्भ ठेवतात. त्यांना पुढचं चित्र नीट सांगितलं पाहिजे. दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त, आणि साधारण १० ते २० वेळा रक्त चढवून झाल्यावर शरीरात साठणारं लोह काढायची औषधं, तीही रोज. ती नियमित घेतली तर मुलं मोठी होतात, शिकतात, कामाला लागतात. चुकली तर साठलेलं लोह हृदय आणि यकृताला इजा करतं. अस्थिमज्जा प्रत्यारोपणाने आजार बरा होऊ शकतो, पण सख्ख्या भावंडाची मज्जा जुळण्याची शक्यता चारात एक असते. त्यासाठी कोल इंडियाच्या थॅलेसेमिया बाल सेवा योजनेतून निवडक रुग्णालयांत १० लाख रुपयांपर्यंत मदत मिळते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही थॅलेसेमियाचा समावेश आहे.

सगळे 'मेजर' सारखे नसतात, हेही इथे महत्त्वाचं. बदलांच्या काही जोड्यांत आजार सौम्य राहतो आणि नियमित रक्त लागत नाही. म्हणून अहवाल हातात पडल्यावर नुसत्या एका शब्दावर न थांबता, 'या जोडीत आजार किती तीव्र असतो' हे जनुकीय समुपदेशकाला विचारावं.

पुढच्या वेळी आयव्हीएफ करून, गर्भाशयात सोडण्याआधीच भ्रूण तपासण्याचा मार्गही आहे. त्याचा खर्च लाखांत जातो आणि गर्भ राहण्याची खात्री नसते. बहुतेक घरांसाठी पुन्हा सीव्हीएस हाच व्यवहार्य मार्ग ठरतो. मात्र दुसऱ्या वेळी काम सोपं असतं: दोघांच्या जनुकातला बदल आधीच सापडलेला असतो. तो अहवाल जपून ठेवला असेल, तर पाळी चुकल्याबरोबर सोनोग्राफीने आठवडे नक्की करून थेट अकराव्या-बाराव्या आठवड्याची तारीख घेता येते. त्याच अहवालाच्या आधारे दोघांच्या सख्ख्या भावंडांनीही लग्नाआधी एचपीएलसी करून घ्यावी, कारण त्यांच्यातला प्रत्येक जण वाहक असण्याची शक्यता किमान निम्मी असते.