मनगट म्हणजे सोसायटीचा नोटीस बोर्ड नव्हे

घाटकोपरला मेट्रोतून उतरून लोकलकडे धावणाऱ्या गर्दीत दर मिनिटाला मनगट बघणारी माणसं रोज दिसतात. तातडीचं काही आलेलं नसतं. घड्याळ जोडताना अॅपने सगळ्या नोटिफिकेशनची परवानगी मागितली आणि यांनी न वाचता देऊन टाकली. हा निव्वळ आळस आहे. आणि सगळं आधीपासून चालू ठेवून घड्याळ विकणं हा कंपन्यांचा निर्लज्जपणा आहे.

रिक्षाला यूपीआयने दीडशे रुपये दिले की बँकेचा एसएमएस येतो, बँकेचं अॅप तेच सांगतं आणि यूपीआय अॅप पुन्हा तेच. तिन्ही खिशात थरथरतात, तिन्ही मनगटावर. एका व्यवहाराचे सहा धक्के! स्वस्त घड्याळांत कधी सातवाही बसतो, कारण ‘एसएमएस’चं बटण वेगळं असतं आणि अॅपच्या यादीत Messages वेगळं. दोन्ही चालू असली की एकच मेसेज मनगटावर दोनदा येतो. यातलं एक बंद करा.

मनगटावर काय येऊ द्यायचं याची कसोटी एकच: पाच मिनिटांत काही करावं लागणार आहे का? कॉल, कॅलेंडर आणि बँकेचा एसएमएस ठेवा, कारण आपण न केलेला व्यवहार दिसला तर लगेच खातं रोखायचं असतं. यूपीआय अॅप, बँकेचं अॅप, खरेदी, जेवण, बातम्या काढून टाका. व्हॉट्सअॅपचं बटण मात्र बहुतेक स्वस्त घड्याळांत सगळ्या चॅटना मिळून एकच असतं. म्हणून सोसायटीचा ग्रुप व्हॉट्सअॅपमध्येच म्यूट करावा लागतो.

आता दुहेरी थरथर. अॅपल वॉचमध्ये आयफोन उघडा असेल तर सूचना फोनवर येते, लॉक असेल तर मनगटावर. कॉल मात्र दोन्हीकडे वाजतो. काही अँड्रॉइड घड्याळांच्या अॅपमध्ये, घड्याळ हातात असताना फोन गप्प ठेवण्याची सोय असते. स्वस्त घड्याळं मात्र फोनवरच्या सूचनेची फक्त नक्कल मनगटावर पाठवतात, फोनला गप्प करत नाहीत. तिथे फोनच्या Sound & vibration मध्ये जाऊन नोटिफिकेशनचं कंपन बंद करा, पण कॉलचं चालूच ठेवा. बोरिवलीच्या गाडीत घड्याळाची बॅटरी संपली तर घरचा कॉल निदान खिशात तरी कळला पाहिजे.

झालं की फोन टेबलावर ठेवा आणि दुसऱ्या फोनवरून स्वतःला मेसेज पाठवा. टेबल आणि मनगट दोन्ही थरथरलं, तर काम अजून बाकी आहे.

हे सगळं दहा मिनिटांचं काम आहे. तेवढंही ज्याला करायचं नाही, त्याने ते घड्याळ काढून साधं काट्यांचं घालावं.