टेबल टेनिस: ६७ टक्क्यांमागे दडलेली कमजोरी

सर्व्हिस हा पहिला बॉल, समोरच्याचा रिटर्न दुसरा आणि सर्व्हिस करणाऱ्याचा पुढचा फटका तिसरा. पहिल्या आणि तिसऱ्या बॉलवर निकाल लागलेल्या पॉइंट्सपैकी खेळाडू किती जिंकतो, हे मोजण्याची पद्धत १९८०च्या दशकात चीनमध्ये रुळली. त्यात ६५ टक्के म्हणजे चांगली कामगिरी.

हे वापरायचं कसं?

समजा, अंबरनाथ एमआयडीसीतल्या दोन कंपन्यांची मॅच आहे आणि प्रतिस्पर्ध्याचे जुने व्हिडिओ हाती आहेत. त्याचे असे २४ पॉइंट्स मोजले, तर तो १६ जिंकला. म्हणजे ६७ टक्के. तगडा वाटतो ना?

आता हेच पॉइंट्स वेगळे करा. ४ थेट सर्व्हिसवर मिळाले. रिटर्न बॅकहँडला आला तेव्हा ११ पैकी ९ जिंकला. फोरहँडला आला तेव्हा ९ पैकी फक्त ३. म्हणजे रिटर्न त्याच्या फोरहँडला द्यायचा.

मेख कुठे आहे?

९ पॉइंट्स फार कमी आहेत. आणखी दोन जिंकले असते, तर ३३चे थेट ५६ टक्के झाले असते. म्हणून दुसऱ्या खेळाडूविरुद्धच्या मॅचमध्येही हेच दिसतं का, ते तपासा. दिसलं नाही, तर कमजोरी त्याची नव्हे; त्या दिवशीचे रिटर्नच भारी होते.